स्विच ‘उघडला’ म्हणजे चालू की बंद?

*‘बराच वेळ बंद असलेला स्विच t = 0 ला उघडला, इंडक्टरमधला करंट काढा’ असं गणित आहे. बंद होता म्हणजे करंट नव्हताच ना? मग सुरुवातीचा करंट शून्य घ्यायचा का? (डिप्लोमा, नागपूर)*

शून्य नाही. इथे ‘बंद’ या शब्दाने घोळ केला आहे. आपण घरात ‘कूलर बंद कर’ म्हणतो तेव्हा करंट थांबतो, पण पुस्तकातल्या ‘बंद परिपथा’त तो वाहतो, कारण तिथे बंद म्हणजे वाट जुळलेली. नळ उघडला की पाणी येतं, स्विच उघडला की मात्र करंटची वाट तुटते. मी शिकवताना ‘जोडला’ आणि ‘तोडला’ एवढेच शब्द वापरतो. त्यांचा उलटा अर्थ कोणी काढत नाही.

दुसरी अडचण ‘सुरुवातीचा’ या शब्दाची. ही सुरुवात बॅटरी प्रथम जोडली तेव्हाची नव्हे, स्विच तोडला त्या क्षणाची. i(0⁻) ला मी ‘शून्याच्या अलीकडचा करंट’ म्हणतो आणि i(0⁺) ला ‘पलीकडचा’. उंबरठा एकच, बाजू दोन. इंडक्टरमधला करंट हा उंबरठा उडी न मारता ओलांडतो, म्हणून अलीकडचा काढला की पलीकडचा आपोआप मिळतो.

समजा 12 V ची बॅटरी, स्विच आणि 4 Ω चा रेझिस्टर ओळीने आहेत. पुढे 0.5 H चा इंडक्टर आणि त्याला समांतर 6 Ω. स्विच बराच वेळ जोडलेला असल्याने करंट स्थिरावला आहे. अशा वेळी आदर्श इंडक्टर म्हणजे नुसती तार. सगळा करंट तिच्यातून जातो आणि 6 Ω ला काहीच मिळत नाही. म्हणून i(0⁻) = 12/4 = 3 A. इथे 6 Ω हिशोबात धरणं ही नेहमीची चूक.

आता स्विच तोडला. बॅटरी आणि 4 Ω बाजूला पडले, उरले इंडक्टर आणि 6 Ω. कालस्थिरांक 0.5/6, म्हणजे सुमारे 0.083 सेकंद.

```
i(t) = 3 e^(-12t) A,  t ≥ 0
```

6 Ω मधला करंट मात्र शून्यावरून एकदम 3 A वर जातो, कारण उडी न मारण्याचं बंधन फक्त इंडक्टरला आहे. त्या क्षणी 6 Ω वर 18 V येतात, बॅटरीपेक्षाही जास्त, आणि तेही उलट्या दिशेने. त्या जागी 600 Ω असता तर 1800 V आले असते, आणि करंट शंभरपट लवकर ओसरला असता.

आणि समांतर रेझिस्टर नसेलच तर? मग करंट स्विचच्या फटीतल्या हवेतूनच वाट काढतो. मे महिन्यात अंधाऱ्या खोलीत कूलरचा स्विच बंद करताना आत निळसर ठिणगी दिसते, ती मोटरच्या वाइंडिंगमधल्या याच करंटची. घरची वीज एसी असल्यामुळे तोडण्याच्या क्षणी करंट किती होता त्यावर ती लहानमोठी होते, कधी दिसतही नाही.