सिक्स ऑफ स्वोर्ड्स: नाव अजून मधोमध आहे

"गेलं वर्ष आम्हा नवरा-बायकोचं फार वादळी गेलं. 'आता पुढे काय?' म्हणून टॅरोचं एकच पान काढलं, तर सिक्स ऑफ स्वोर्ड्स आलं. नावेत बसलेले सगळे पाठमोरे, चित्र उदास. हे चांगलं की वाईट?"

चांगलं आहे ताई, पण सावकाश येणारं. आधी पाण्याकडे बघा. पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेल्या १९०९च्या रायडर-वेट संचात नावेच्या उजव्या अंगाला लाटा आहेत आणि डावीकडे पाणी संथ आहे. पंढरपूरला चंद्रभागेत होडीत बसला असाल तर आठवेल, मध्यावर गेलं की मागचा घाट लांब आणि पुढचा काठही लांबच वाटतो. हे पान त्या मध्यावरचं आहे. भांडण थांबलंय, पण घरात अजून हसू आलेलं नाही.

आता तलवारी. नावेत पुढच्या बाजूला सहा तलवारी रोवलेल्या आहेत. त्या उपटल्या तर भोकांतून पाणी शिरेल, असं आम्ही वाचतो. म्हणजे झालेलं सगळं बरोबर न्यायचंय, पण रोज रात्री उकरायचं नाही.

सोलापुरातच माझ्याकडे एक जोडपं आलं होतं. त्याने भावाच्या कर्जाला जामीन राहून ते बायकोपासून लपवलं होतं. ती दोन महिने माहेरी राहून परत आली होती. तीन पानं मांडली. आधी फाइव्ह ऑफ स्वोर्ड्स, म्हणजे जिंकूनही सगळं हरलेलं भांडण. मधे हेच पान. शेवटी सेव्हन ऑफ स्वोर्ड्स, तलवारी उचलून दबक्या पावलांनी निघालेला माणूस. मी त्याला एवढंच विचारलं, "अजून काही सांगायचं राहिलंय का?" तो बराच वेळ टेबलक्लॉथची कड चिमटीत धरून बसला. मग म्हणाला, "पतपेढीचा एक हप्ता आहे." ती रडली, पण उठून गेली नाही. सिक्सशेजारी सेव्हन आलं की मी हे विचारतेच. काही लपलेलं असेल तर नाव संथ पाण्यात जाऊनही गळत राहते.

तुम्ही एकच पान काढलंय, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगते. चित्रात एक बाई, एक मूल आणि नाव ढकलणारा माणूस आहे. तो तिचा नवरा की नुसता नावाडी, हे चित्र सांगत नाही. घरात मारहाण किंवा धाक असेल तर मी हे पान बाईने लेकरासह निघून जाण्याचं म्हणूनच वाचते. तसं नसेल तर या पानावर आणखी दोन पानं काढा: एक 'नाव कोण ढकलतंय' याचं, दुसरं 'कोण नुसतं बसलंय' याचं. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक जोडप्यांत एकच जण बांबू मारत असतो आणि दुसऱ्याला ते ठाऊकही नसतं. किती महिने लागतील हे मात्र या पानाला विचारू नका, ते दिशा दाखवतं, तारीख नाही.