चाळीची जमीन, शंभर पट भाडं आणि कलम 31-सी

प्रश्न : गिरगावात आमची वडिलोपार्जित उपकरप्राप्त चाळ आहे. वीस भाडेकरू, महिन्याचं एकूण भाडं 1,800 रुपये. भाडेकरूंनी सोसायटी स्थापून म्हाडा कायद्याच्या प्रकरण 8-अ खाली जमीन संपादनाचा अर्ज केला आहे. त्यांचे वकील म्हणतात, हा कायदा मार्गदर्शक तत्त्वांसाठी केलेला असल्यामुळे मालकाला मूलभूत हक्क सांगताच येत नाहीत. हे खरं आहे का?

उत्तर : अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावरच तुमची बाजू उभी राहील.

एखादा कायदा मार्गदर्शक तत्त्वासाठी केला, एवढ्यावरून मूलभूत हक्क मागे पडत नाहीत. तसं होण्याची वाट एकच, ती म्हणजे 1971च्या 25व्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम 31-सी. कायदा कलम 39(बी) किंवा 39(सी) साठी, म्हणजे समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचं वाटप सर्वांच्या हिताचं व्हावं किंवा संपत्ती मोजक्या हाती साठू नये यासाठी असेल, तर तो समानतेच्या कलम 14 आणि स्वातंत्र्याच्या कलम 19च्या विरुद्ध आहे म्हणून रद्द होत नाही. 1976च्या 42व्या दुरुस्तीने हे संरक्षण सगळ्याच मार्गदर्शक तत्त्वांना दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने मिनर्व्हा मिल्स खटल्यात 1980 साली ते रद्द केलं. त्यामुळे उद्या कोणी कलम 47 मधल्या दारूबंदीसाठी कायदा केला, तर त्याला 31-सीची ढाल मिळत नाही. तिथे न्यायालय निर्बंध वाजवी आहे का ते पाहतं, आणि ते ठरवताना मार्गदर्शक तत्त्वाला वजन देतं.

आता तुमचं प्रकरण. 1986 साली प्रकरण 8-अ घालताना विधिमंडळाने म्हाडा कायद्याच्या कलम 1-ए मध्ये लिहून ठेवलं की हा कायदा 39(बी) साठी आहे. पण नुसतं लिहिल्याने प्रश्न मिटत नाही. मूळ 31-सी मध्ये असं वाक्य होतं की अशा घोषणेची शहानिशा न्यायालयाने करू नये. केशवानंद भारती निकालाने 1973 साली तेवढं वाक्य काढून टाकलं. म्हणून तुमच्या जमिनीचा 39(बी)शी खरोखर संबंध आहे का, हे न्यायालय तपासू शकतं.

नेमका हाच वाद प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशनच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांपुढे गेला. 5 नोव्हेंबर 2024च्या निकालात दोन गोष्टी ठरल्या. केशवानंदने वाचवलेलं 31-सी आजही लागू आहे, हे एकमताने. आणि प्रत्येक खासगी मालमत्ता आपोआप ‘समाजाची साधनसंपत्ती’ होत नाही, हे बहुमताने. साधनाचं स्वरूप, त्याची टंचाई, लोकजीवनावरचा परिणाम, ते खासगी हाती एकवटल्याने काय होतं, असं पाहून ठरवायचं. मात्र प्रकरण 8-अ वैध की अवैध, हे त्या निकालाने ठरवलेलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 1991 साली ते वैध ठरवलं होतं, म्हणून ते लागू आहे असंच धरून चाला. मुंबईत घराच्या जागेची टंचाई एवढी आहे की पडायला आलेल्या चाळीखालची जमीन या कसोटीत बसू शकते. या एका मुद्द्यावर सगळी भिस्त ठेवू नका, असं मी तुम्हाला कळकळीने सांगेन. त्या चाळीत राहणाऱ्यांचा जीवही पणाला लागलेला असतो, आणि न्यायालय ते पाहतंच.

माझ्या मते तुमचं खरं बळ कलम 300-ए मध्ये आहे. 31-सी फक्त 14 आणि 19चा दरवाजा बंद करतं. 300-ए त्याच्या बाहेर राहतं. मालमत्ता 1978च्या 44व्या दुरुस्तीनंतर मूलभूत हक्क राहिली नाही, पण घटनात्मक हक्क आहे. के. टी. प्लँटेशन खटल्यात 2011 साली न्यायालयाने म्हटलं की संपादनामागे सार्वजनिक हेतू हवा आणि नुकसानभरपाई निव्वळ दिखाऊ असू नये. 2024च्या मे महिन्यातल्या कोलकाता महापालिकेच्या निकालाने नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय आणि रास्त भरपाई हेही याच कलमात वाचलं. प्रकरण 8-अ खाली मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट रक्कम मिळते. तुमच्या बाबतीत ती होते 1,800 गुणिले 100, म्हणजे 1,80,000 रुपये. वीस कुटुंबांखालच्या गिरगावातल्या जमिनीची एवढीच किंमत रास्त आहे का, हा प्रश्न ठामपणे मांडा.

त्याआधी कागद तपासा. अर्ज किमान 70 टक्के भोगवटादारांच्या सोसायटीचा हवा, म्हणजे तुमच्या वीस गाळ्यांपैकी 14. सह्या करणारे खरे भोगवटादार आहेत का, काही गाळे नुसते कुलूपबंद आहेत का, हे भाडेपावत्यांशी ताडून पाहा. इमारतीच्या जतनासाठी, दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी संपादन गरजेचं आहे का, हेही म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाने तपासायचं असतं. मंडळाकडे लेखी हरकत आत्ताच द्या, सुनावणी मागा आणि पोच घ्या. प्रस्ताव तरीही सरकारकडे गेला, तर कलम 226 खाली मुंबई उच्च न्यायालयात जाताना हीच हरकत तुमचा पहिला पुरावा असेल.