हजेरीची अट आणि बुडालेला पेपर

"मॅडम, मराठी विषयात माझी हजेरी पंचाहत्तर टक्के होत नाही, आणि डेंग्यूमुळे पहिल्या अंतर्गत चाचणीचा पेपरही बुडाला. नोटीस वाचल्यापासून झोप लागत नाही. माझं वर्ष वाया जाणार का?"

बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकणाऱ्या या विद्यार्थिनीला मी प्रथम ती नोटीस मोठ्याने वाचायला सांगितली. तिच्या सरांनी एकाच पानावर दुसऱ्या चाचणीचे वेळापत्रक, बैठक व्यवस्था, हजेरीची अट आणि बुडालेल्या पेपरचा नियम दिला होता. घाबरलेल्या मुलीने शेवटच्या दोन गोष्टी एकत्र करून वाचल्या होत्या. प्रत्यक्षात त्या वेगळ्या आहेत आणि त्यांचे अर्जही वेगळे करावे लागतात.

हजेरीचा हिशोब आम्ही कागदावर मांडला. त्या विषयाचे ६० तास झाले होते आणि ती ४१ तासांना हजर होती, म्हणजे जवळपास ६८ टक्के. मात्र नोटिशीनुसार हजेरी परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत मोजली जाणार होती आणि तोवर आणखी १२ तास होणार होते. ते सगळे तास बसल्यास ७२ पैकी ५३ होतात, लागतात ५४. म्हणजे जो खड्डा तिला भरून न येणारा वाटत होता, तो एका तासाचा होता, आणि बुडालेल्या तासांपैकी ६ तास रुग्णालयातल्या दिवसांतले होते. सूट देणे हा प्राचार्यांचा अधिकार आहे, विद्यार्थ्याचा हक्क नव्हे. तरीही "हजेरी माफ करावी" असे मोघम लिहिण्याऐवजी एका तासाची सूट मागून सोबत हा हिशोब जोडावा, असे मी सुचवले.

बुडालेल्या पेपरच्या फेरपरीक्षेसाठीच्या अर्जात खरी अडचण निघाली ती पालकांच्या सहीची. आईवडील ऊसतोडणीसाठी कोल्हापूरकडे गेलेले, घरी फक्त आजी, आणि अर्जाची मुदत चार दिवसांवर. (आपल्याकडे दिवाळीनंतर हा प्रश्न कितीतरी घरांत असतो, पण अर्जाचा नमुना तयार करताना तो कुणाच्या लक्षात येत नाही.) तिने वर्गशिक्षकांना आधीच भेटून विचारले, तेव्हा आजीचा अंगठा आणि वडिलांचा फोन नंबर चालेल, असे त्यांनी सांगितले.

वैद्यकीय दाखलाही बदलून घ्यावा लागला. पहिल्या चिठ्ठीवर केवळ "आठवडाभर विश्रांती" असे लिहिलेले होते, तारखा नव्हत्या, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही नव्हता. असा दाखला हमखास परत येतो. तालुक्याच्या रुग्णालयातील डिस्चार्ज कार्डावर दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची तारीख होती आणि पेपरचा दिवस त्यांच्या मध्येच येत होता. त्या कार्डाची प्रत जोडताच अर्ज स्वीकारला गेला.

हजेरीतल्या एका तासाच्या सवलतीवर निर्णय व्हायचा असला तरी पेपरची तारीख मिळाली आहे. बैठक क्रमांक मात्र फेरपरीक्षेला बदलतो. म्हणून पेपरच्या सकाळी फलकावरील यादी पाहूनच तिने वर्गात जायचे आहे.