सूत्र बरोबर, उत्तर चूक: तारेचं एक न्यूमेरिकल

प्रश्न: भाचा अकरावी सायन्सला आहे. फिजिक्सच्या न्यूमेरिकलमध्ये सूत्र बरोबर लिहितो, तरी उत्तर चुकतं. त्याची वही ओळीओळीने तपासताना नेमकं कुठे बघायचं?

उत्तर: बहुतेक वेळा चूक त्याने न लिहिलेल्या ओळीत सापडते. मी ट्यूशन घेतो. वह्यांमध्ये हमखास दिसणारं एक गणित सांगतो. पोलादाची तार २ मीटर लांब, व्यास ०.८ मिमी, टोकाला ५ किलोचं वजन, यंगचा गुणांक २ × १०¹¹ N/m². तार किती ताणली जाईल? वहीत असं असतं:

```
l = MgL / (πr²Y)
  = (5 × 9.8 × 2) / (3.142 × 0.4² × 10⁻³ × 2 × 10¹¹)
  = 9.75 × 10⁻⁷ m
```

सूत्र बरोबर आहे. पण त्याच्या आधी ‘दिलेल्या राशी’ची ओळ नाही. व्यासाची त्रिज्या करणं आणि मिमीचं मीटर करणं, दोन्ही कामं मनातल्या मनात उरकली आहेत. ती ओळ त्याच्याकडून लिहून घ्या: `r = 0.4 mm = 0.4 × 10⁻³ m`.

आता दुसरी ओळ एककांसकट पुन्हा लिहायला लावा. त्रिज्या कंसात, एककासह: `(0.4 × 10⁻³ m)²`. कंस घातला की वर्ग सगळ्याचाच होतो, म्हणजे `0.16 × 10⁻⁶ m²`. त्याने ०.४ चा वर्ग केला आणि १०⁻³ तसाच ठेवला. खरं उत्तर `9.75 × 10⁻⁴ m`, म्हणजे जवळजवळ १ मिमी. त्याचं उत्तर तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी आहे. प्रयोगशाळेतल्या सर्लच्या उपकरणावर ०.०१ मिमीपर्यंत वाचता येतं, तिथे एवढी वाढ दिसलीच नसती. एवढा अंदाज शेवटी घ्यायलाच हवा.

एककं लिहिण्याचा आणखी एक फायदा. समजा तो `g` विसरला आणि वजनाच्या जागी नुसतं ५ kg ठेवलं. मग सगळी एककं काटून शेवटी `s²` उरतो. तारेची वाढ सेकंदाच्या वर्गात! पोरं हसतात, पण चूक लगेच पकडतात.

मात्र त्रिज्येऐवजी व्यास घातला, तर उत्तर एक चतुर्थांश येतं आणि एकक मीटरच राहतं. `π` गळला तरी तसंच. त्यामुळे एककं जुळली म्हणून ओळ बरोबर समजू नका. प्रत्येक आकडा दिलेल्या राशींशी बोट ठेवून पडताळा.

राहिली तिसरी ओळ. दुसरीवरून थेट उत्तरावर उडी आहे, मधलं लॉग टेबलचं काम कच्च्या पानावर गेलं. दहाचे घात आधी बाजूला काढून पक्क्या वहीत लिहायला सांगा: `(98 / 1.005) × 10⁻⁵`. मग लॉग फक्त ९८ आणि १.००५ चे घ्यावे लागतात, आणि घाताचं चिन्ह चुकलं तर तुम्हाला फिजिक्स न येताही दिसतं.