विश्रामबागच्या शाखेची जाहिरात लिहिताना

वह्या-पुस्तकांच्या दुकानाची विश्रामबागेत नवी शाखा, पहिला आठवडा भरघोस सूट, हा तुमचा जाहिरातीचा मजकूर चांगला आहे, पण मोठी चूक एक. गणपती पेठेतलं जुनं दुकान सुरूच राहणार, हे कुठेच लिहिलेलं नाही. नुसता नवा पत्ता दिला की लोक दुकान हललं असं समजतात आणि जुनी गिऱ्हाईकं तुटतात. म्हणून नावाखालीच "आता दोन ठिकाणी" लिहा. ऑफर कोणत्या दुकानात, तेही सांगा. नाहीतर जुन्या काउंटरवर रोज वाद.

"भरघोस सूट" काढा. डझन वह्यांवर एक मोफत, एवढं पुरे. तुम्हाला ती पावणेआठ टक्केच पडते. पाठ्यपुस्तकांवर नको, त्यात मार्जिन आधीच कमी.

"पहिला आठवडा" ऐवजी तारखा द्या:
सोमवार ८ ते रविवार १४ जून
सकाळी ९ ते रात्री ९, रविवारी दुपारी १ पर्यंत