भाड्याच्या कॉम्प्रेसरमधून मेंटेनन्स वेगळा काढायचा का?

प्रश्न: मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात कॉम्प्रेसर 5 वर्षांसाठी भाड्याने घेतलाय. महिना 60,000, मेंटेनन्स त्यातच. सगळीच रक्कम लीज धरली तर चालेल ना?

उत्तर: लीजच्या हिशेबाचं मानक इंड एएस 116 लागू असेल तर चालेल, पण महागात पडेल.

बाजारात नुसत्या मशीनचं भाडं 52,000 आणि तशाच मेंटेनन्सचा दर 13,000 आहे असं धरा. बेरीज 65,000. त्याच प्रमाणात 60,000 वाटले की लीज 48,000, मेंटेनन्स 12,000. बिलात विक्रेत्याने दाखवलेली फोड आंधळेपणाने घेऊ नका. स्वतंत्र किमतीच पाहायच्या, त्यासाठी दुसऱ्याचं कोटेशन फाईलला लावा. डिलिव्हरी किंवा प्रशासकीय शुल्क हा वेगळा घटक नसतो, तेही याच प्रमाणात वाटलं जातं.

वार्षिक 10% दराने, महिनाअखेरीच्या हप्त्यांवर, 48,000 चं लीज दायित्व, म्हणजे पुढच्या सगळ्या हप्त्यांचं आजचं मूल्य, साधारण 22.6 लाख येतं, 60,000 चं 28.2 लाख. म्हणजे अजून न मिळालेल्या सेवेचे साधारण 5.6 लाख कर्ज म्हणून ताळेबंदात बसतात. बँकेची कर्ज-भांडवल गुणोत्तराची अट असेल तर तिथेच गाडी अडते. वेगळं केल्यास मेंटेनन्स दर महिन्याला सरळ खर्चात जातो.

न विभागण्याची सवलत आहे, पण ती मालमत्तेच्या वर्गानुसार निवडावी लागते. एका कॉम्प्रेसरला घेतली की त्या वर्गातल्या सगळ्यांना लागू.