ट्रेकिंग क्लबचं इव्हेंट पेज लाइव्ह करण्याआधी कमिटीला तपासणीचा ईमेल पाठवायचाय. त्यात काय काय लिहू?

"सगळ्यांनी एकदा नजर टाका" हे सोडून काहीही लिहा. त्या ईमेलला फक्त अंगठे येतात, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बघितलं असेल. प्रत्येक कामापुढे एकाचंच नाव घाला, आणि उत्तरात 'ओके' नको, जे दिसलं ते लिहून मागा.

बहुतेक क्लबांची पेजं गेल्या वर्षीच्या पेजची कॉपी असतात आणि घोळ तिथेच होतो. 2025 च्या पेजवरचा 'रविवार, 13 जुलै' 2026 मध्ये सोमवार होतो. रात्रीची कर्जत लोकल असेल तर आणखी मजा. 'शनिवारी रात्री 12.20' म्हणजे कुठली रात्र? काहीजण शुक्रवारी रात्रीच स्टेशनवर हजर. म्हणून 'शनिवार 11 जुलै, रात्री 11.45 ला जमणे. गाडी मध्यरात्रीनंतर, म्हणजे तारीख 12' असं लांबलचकच लिहायचं.

तसंच दादरचं. डिसेंबर 2023 पासून तिथे प्लॅटफॉर्मना सलग नंबर आहेत. मध्य रेल्वेचा जुना 1 आता 8 झालाय, आणि 'प्लॅटफॉर्म 1' म्हटलं की माणूस पश्चिम रेल्वेवर जातो. आमच्या तेव्हाच्या सेक्रेटरींचं म्हणणं, "मुंबईकरांना दादर सांगायला लागतं का?" लागतं. नव्या मेंबरांनी पश्चिमेकडून फोन केले तेव्हा गाडी सुटली होती, आणि मीटिंगमध्ये दोष मेंबरांचा निघाला! माझ्या मते दोष पेजचाच.

ईमेलचा गाभा असा ठेवा:

"अमुक: तारीख-वार कॅलेंडरशी, प्लॅटफॉर्म स्टेशनवरच्या नंबरशी ताडून कळवा.
तमुक: फॉर्म स्वतःच्या फोनवर, इनकॉग्निटोमध्ये भरा. लॉगिन मागितलं तर कुठल्या पानावर, ते लिहा.
खजिनदार: पेजवरून 1 रुपया पाठवा आणि पैसे घेणाऱ्याचं नाव काय दिसतं ते कळवा.
शुक्रवारी रात्री 9 पर्यंत. तोवर लिंक कुणालाही पाठवू नये."

गूगल फॉर्ममध्ये ओळखपत्र अपलोड करायला सांगितलं की लॉगिन लागतंच. एडिट करणारा आधीच लॉगिन असतो, त्याला ते जाणवत नाही. पैशांचं म्हणाल तर नुसता क्यूआर पुरत नाही. पेज ज्या फोनवर उघडलंय त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन कसा करणार? खाली यूपीआय आयडी मजकुरात द्या, कॉपी करता येईल असा.

लिंक थांबवायचं कारण: व्हॉट्सॅपवर गेलेल्या मेसेजमधला प्रिव्ह्यू पाठवतानाच तयार होतो. पेजवर तारीख नंतर सुधारलीत तरी फॉरवर्ड होत राहते ती जुनीच.

हो, रविवारच्या मेगाब्लॉकचं राहिलं. त्याचं वेळापत्रक बहुधा ऐनवेळी येतं, त्यामुळे या ईमेलमध्ये ते बसत नाही. परतीच्या गाडीची वेळ पेजवर देऊच नका, शनिवारी ग्रुपवर टाका. आणि पंधरा जणांचा ओळखीतला ग्रुप असेल तर एवढा खटाटोप नको, तारीख आणि यूपीआयचं नाव बघितलं तरी पुरे.